गुपचूप घेतलेल्या परीक्षेत सगळेच नापास होतात

प्रश्न: वय ३९, कोपरखैरण्याला एकटी राहते. पाच वर्षांपूर्वी कळलं की नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे आणि माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला ते वर्षभर माहीत होतं. घटस्फोट झाला. तेव्हापासून मी कोणालाच जवळ येऊ देत नाही. मार्चमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, आईलाही नंतर सांगितलं. फॉर्मवर सही करायला ऑफिसमधली एक सहकारी आली होती, पण नंतर तिच्याशीही बोलणं कमी केलं. यंदा फेसबुकवरून वाढदिवसाची तारीख काढून टाकली, बघू कोणाला आठवते ते. एकालाही आठवली नाही. लोकच असे असतात की माझ्यात काही बिघडलंय?

उत्तर:

तुमच्या दोन्ही पर्यायांना मी नाही म्हणेन. लोक सरसकट असे नसतात आणि तुमच्यातही काही बिघडलेलं नाही. बिघडली आहे ती माहिती तुमच्यापर्यंत पोचण्याची वाट.

सुरुवातीच्या महिन्यांत तुम्ही दार लावून घेतलंत ते योग्यच केलंत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात चूक काही नाही. फुंकून पिणाऱ्याला निदान दोन घोटांत कळतं की हे ताक आहे. तुम्ही मात्र पाच वर्षं पेलाच तोंडाला लावलेला नाही, त्यामुळे आत काय होतं ते कळायला मार्गच उरला नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. समजा तुमच्या आसपास दहा माणसं आहेत, त्यातली आठ शब्दाला जागणारी आणि दोन दगा देणारी. (आकडे फक्त समजण्यापुरते.) दहाही जणांवर थोडा थोडा विश्वास टाकलात, तर वर्षभरात कोण कुठल्या गटातलं हे कळतं. कोणावरच टाकला नाहीत तर त्या दोघांचा दगा टळतो, हे खरं. पण उरलेल्या आठांचा खरेपणा तुम्हाला कधीच दिसत नाही. दगा झाला की तो समोर येऊन आदळतो. न टाकलेला विश्वास खरा ठरला असता की खोटा, हे मात्र कोणी येऊन सांगत नाही. म्हणजे हिशेबाच्या वहीत फक्त तोट्याच्याच नोंदी होतात. वर प्रत्येक शांत गेलेल्या वर्षाचा अर्थ मन असा लावतं की, बघ, कोणाला आत घेतलं नाहीस म्हणून वाचलीस.

कोलोन विद्यापीठातले डेटलेफ फेचेनहाउअर आणि तेव्हा कॉर्नेलमध्ये असलेले डेव्हिड डनिंग यांनी २०१० साली नेमकी हीच गोष्ट तपासून प्रसिद्ध केली. त्यांनी सहभागी लोकांना अनोळखी माणसांचे छोटे व्हिडिओ दाखवले आणि विचारलं, याच्या हाती पैसे द्याल का? दिलेले पैसे समोरच्याच्या हाती वाढून पोचत, आणि तो त्यातला तुमचा वाटा परत करू शकत होता किंवा सगळे स्वतःकडे ठेवू शकत होता. लोकांचा अंदाज वास्तवापेक्षा बराच निराशेचा निघाला. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. काही जणांना प्रत्येक व्हिडिओनंतर समोरच्याने खरंच काय केलं ते सांगितलं गेलं, मग त्यांनी विश्वास टाकलेला असो वा नसो. त्यांचा अंदाज हळूहळू सुधारला. ज्यांना फक्त विश्वास टाकला तरच निकाल कळत होता, त्यांचा संशय जिथल्या तिथे राहिला. त्यांना दगा बसलेला नव्हता, कोणी घरही मोडलेलं नव्हतं. नुसती माहिती एकतर्फी येत होती, तेवढ्यानेच हे झालं. तुमच्या बाबतीत तर त्यावर एक खोल जखमही आहे.

आता ती जखम. नवऱ्याने फसवलं एवढंच असतं तर बहुधा पुरुषांवरचा, लग्नावरचा भरवसा उडाला असता. पण असं काही घडल्यावर ज्या मैत्रिणीकडे जाऊन तुम्ही रडला असतात, ती आधीपासूनच सगळं जाणून होती. म्हणून संशय एका नात्यापुरता राहिला नाही, सगळीकडे पसरला. त्याच्याखाली आणखी एक प्रश्न बहुतेकींच्या मनात असतो. तुम्ही तो लिहिलेला नाही, पण असणार असं मी धरून चालते: वर्षभर माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं, मला कळलं कसं नाही? म्हणजे लोकांवरच्या विश्वासाच्याही आधी स्वतःच्या पारखीवरचा विश्वास गेलेला असतो. आणि पारखच भरवशाची नसेल, तर सगळ्यांनाच बाहेर ठेवणं हा एकच सुरक्षित उपाय वाटतो.

जेनिफर फ्रेड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात यावर महत्त्वाचं काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याच्यावर आपलं घर, पैसा, आधार अवलंबून असतो, त्याचा दगा दिसू लागला तर नातंच धोक्यात येतं, म्हणून मन तो पाहायचं टाळतं. अनोळखी दुकानदाराने दहा रुपये कमी परत दिले तर आपल्याला लगेच कळतं. घरातल्या माणसाचे बदललेले फोनचे पासवर्ड, उशिरा येणं, विनाकारण चिडणं मात्र आपण कामाच्या ताणाच्या खात्यावर टाकतो. तुम्हाला दिसलं नाही याचा अर्थ तुम्हाला माणसं कळत नाहीत असा होत नाही. तुम्ही त्या दोघांवर मनापासून विसंबून होतात, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्यावर तुमचं काही अवलंबून नाही, अशा माणसांची पारख तुम्हाला आजही चांगली करता येत असेल. ऑफिसमधला कोण कामचुकार आणि कोण दिलेल्या वेळेला फाइल देणारा, हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. पुन्हा सुरुवात करायची ती याच पारखीपासून.

त्याआधी वाढदिवसाबद्दल बोलू, कारण हे मी फार वेळा पाहते. तारीख काढून टाकली आणि वाट पाहिली. ही परीक्षा होती, पण परीक्षेला बसवलेल्यांना त्याचा पत्ताच नव्हता. आज बहुतेकांना वाढदिवस लक्षात राहतात ते फोन आठवण करून देतो म्हणून. तुम्ही आठवण काढून घेतलीत, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला होता. स्वतःला विचारून बघा, ऑफिसमधल्या किती जणींचे वाढदिवस तुम्हाला फोनविना सांगता येतील? आणि समजा एखादीला आठवला असता, तरी मनाने म्हटलं असतं की तिचं काही काम अडलं असेल. ज्या परीक्षेत नापास झाल्यावर ‘बघ, म्हटलं होतं ना’ आणि पास झाल्यावर ‘काहीतरी हवं असेल’, त्या परीक्षेतून कोणाहीबद्दल काहीच कळत नाही.

तुमच्याच प्रश्नात याचा पुरावा आहे. ऑपरेशनच्या दिवशी एक सहकारी तिचं काम सोडून हॉस्पिटलमध्ये आली, जबाबदारीची सही केली. तुम्ही सांगितलंत आणि ती आली. ही नोंद तुमच्या वहीत कुठे आहे? तुम्ही ती एका वाक्यात सांगून पुढे गेलात, आणि ज्यांना वाढदिवस आठवला नाही त्यांच्यापाशी थांबलात. मी तुमच्यासमोर बसले असते तर तुम्हाला त्या सहकारीपाशीच थांबवलं असतं.

यावर मी काय करून घेते ते एका माणसाच्या गोष्टीतून सांगते. (दोन-तीन जणांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत आणि खुणा बदलल्या आहेत.) ठाण्यात वर्तकनगरला राहणारे, पन्नाशीच्या आतले गृहस्थ. मावसभावाबरोबर भागीदारीत इलेक्ट्रिकल कामांची कंत्राटं घ्यायचे. मावसभावाने गुपचूप वेगळ्या नावाने धंदा सुरू केला, जुन्या सोसायट्यांची कामं तिकडे वळवली आणि यांनी भरवशाने सह्या करून ठेवलेले चेक वापरले. पैसा गेलाच, पण नातेवाइकांतले निम्मे ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणत गप्प बसले, ते त्यांना जास्त लागलं. माझ्याकडे आले तेव्हा धंदा ते एकटे सांभाळत होते, मिळकत किती हे बायकोलाही सांगत नव्हते, आणि उपवन तलावावर सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपमध्ये जाणं बंद झालं होतं. त्यांच्याही गुप्त परीक्षा होत्या. एकच बातमी तीन जणांना तीन वेगळ्या तपशिलांनी सांगायची आणि कुठला तपशील फिरून परत येतो ते बघायचं. हुशारी म्हणून दाद द्यावी अशीच युक्ती, पण तिने घरातलं वातावरण इन्कम टॅक्सच्या धाडीसारखं करून टाकलं होतं.

आम्ही पहिल्यांदा एक काम केलं. ‘विश्वास’ ही एकसंध गोष्ट म्हणून बघणं सोडलं आणि तिचे तुकडे पाडले: वेळ पाळणं, शब्द पाळणं, वस्तू सांभाळणं, पैसा, गुपित, आणि सगळ्यात शेवटी मनातली कमजोरी. माणूस एकात पक्का आणि दुसऱ्यात कच्चा असू शकतो. पैशाला चोख असलेल्या माणसाच्या पोटात गोष्ट राहतेच असं नाही. मावसभावाने पैसा आणि शब्द मोडला म्हणून तलावावरचा माणूस साडेसहाला येणार नाही, असा निष्कर्ष निघत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण दुखावलेलं मन सगळे तुकडे एकाच गाठोड्यात बांधून ठेवतं.

मग त्यांनी एक माणूस निवडला, फिरायला येणारे एक निवृत्त शेजारी. आणि पायऱ्या ठरवल्या. प्रत्येक पायरीला नियम तीनच. पहिला, फसलो तरी झेपेल एवढंच पणाला लावायचं. दुसरा, आपल्याला काय हवंय ते समोरच्याला स्पष्ट शब्दांत सांगायचं, त्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवायची नाही. तिसरा, काय होईल असं वाटतं ते आधी वहीत लिहायचं आणि काय झालं ते त्याच दिवशी त्याच्या खाली लिहायचं. तिसरा नियम लोकांना शाळकरी वाटतो, पण सगळा जीव त्यातच आहे. लिहिलं नाही तर मन निकाल लागल्यावर भाकीत बदलतं आणि ‘मला हे माहीतच होतं’ म्हणून मोकळं होतं.

त्यांच्या वहीतली सुरुवातीची नोंद साधारण अशी होती. ‘सोमवार ते शनिवार सकाळी साडेसहाला गेटवर भेटू असं ठरवलं. भाकीत: दोनदा येईल, मग कारणं सांगेल. झालं: पाचदा आला, त्यात दोनदा दहा मिनिटं उशिरा. एकदा आला नाही, आदल्या रात्री मेसेज केला होता.’ पुढची पायरी वस्तूची. ड्रिल मशीन दिलं आणि शनिवारपर्यंत परत लागेल असं सांगितलं. भाकीत: मागावं लागेल. झालं: मशीन रविवारी आलं, पण शनिवारी दुपारी फोन आला की आज जमत नाही, उद्या आणून देतो.

इथे एक गंमत झाली. नोंद चांगली असूनही त्यांना काहीच वाटलं नाही. खोदून विचारल्यावर कळलं की मशीन देण्याआधी त्यांनी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले होते, नंबरासकट, आणि शेजाऱ्याच्या देखत काढले होते. म्हणजे मशीन परत आलं याचं श्रेय मनाने फोटोंना दिलं. शेजाऱ्याच्या खात्यावर काहीच जमा झालं नाही. असल्या बचावाच्या कृतींकडे पॉल साल्कोव्स्किस या मानसशास्त्रज्ञाने १९९१ सालीच लक्ष वेधलं होतं. त्यांचा विषय घबराटीचा होता. छातीत धडधड झाली की भिंतीला धरून उभा राहणारा माणूस कोसळत नाही, पण भिंत धरली म्हणून वाचलो असं त्याला वाटतं, आणि भीती तशीच राहते. विश्वासाच्या बाबतीत ही भिंत म्हणजे स्क्रीनशॉट काढून ठेवणं, कॉल रेकॉर्ड करणं, दोन ठिकाणी खात्री करून घेणं, किंवा सांगायचं तर ज्याने काहीच फरक पडणार नाही असंच काहीतरी सांगणं. पुढच्या वेळी त्यांनी शिडी दिली, फोटोविना. ती वेळेत परत आली, आणि त्या दिवशीची नोंद त्यांनी स्वतःहून मोठ्या अक्षरात लिहिली होती.

सगळं सुरळीत झालं असतं तर मी ही गोष्ट निवडलीच नसती. गुपिताच्या पायरीवर गाडी घसरली. त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं की धंद्यात सध्या ओढाताण आहे. चार दिवसांनी ती गोष्ट शेजारीणबाईंकडून यांच्या बायकोच्या कानावर आली. बायकोला स्वतःच्या घरातली गोष्ट बाहेरून कळली, त्यावरून भांडण झालं ते वेगळंच. ते माझ्याकडे आले तेव्हा चेहऱ्यावर जवळजवळ सुटका होती. बघा, शेवटी व्हायचं तेच झालं.

अशा वेळी मी तीन शक्यता वेगळ्या करायला लावते. माणसाने मुद्दाम नुकसान केलं, की निष्काळजीपणा केला, की त्याला ते जमण्यातलंच नव्हतं? आतून दुखतं तिन्ही वेळा सारखंच, म्हणून तिन्ही सारखेच वाटतात. त्यांनी शेजाऱ्याला ‘कोणाला सांगू नका’ असं म्हटलंच नव्हतं, म्हणजे दुसरा नियम मोडला होता. आणि फरक ओळखायची खरी जागा पुढे येते. चूक सरळ शब्दांत एकदा सांगायची आणि समोरचा काय करतो ते पाहायचं. दगाबाज माणूस इथे ठरावीक गोष्टी करतो: नाकारतो, उलट तुमच्यावर ढकलतो, किंवा इतकी मोठी माफी मागतो की तुम्हालाच अपराधी वाटावं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. निष्काळजी माणूस ओशाळतो, ऐकून घेतो आणि त्याच्या वागण्यात फरक दिसतो. त्यांनी तलावावर चालताना सांगितलं, ‘तुम्हाला बोललो ते घरी पोचलं, मला त्रास झाला.’ शेजारी थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘चुकलंच माझं. हिला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं असं मला वाटतच नाही हो.’

यातून जे हाती लागलं ते मला फार मोलाचं वाटतं. शेजाऱ्यांच्या नावापुढे वेळ, वस्तू, शब्द यांवर खूण झाली, गुपितावर फुली पडली. माणूस बाद झाला नाही. दोघं आजही फिरायला जातात आणि हे त्यांना पैशांच्या अडचणी सांगत नाहीत. आधी त्यांच्याकडे दोनच कप्पे होते, आपले आणि दगाबाज. आता प्रत्येक माणसाचा वेगळा नकाशा तयार व्हायला लागला. मावसभाऊ त्या नकाशात सगळीकडे फुली घेऊन बसला आहे आणि तसाच राहील. त्याला माफ करायचा विषय मी कधी काढला नाही. मिळकतीचा आकडा बायकोला सांगण्याची पायरी सगळ्यात अवघड गेली आणि ती बरीच उशिरा आली.

आता तुमच्याकडे येते. सुरुवात त्या हॉस्पिटलमध्ये आलेल्या सहकारीपासून करा. तिने वेळ आणि शब्द हे दोन तुकडे पाळलेले आहेत, तुम्ही फक्त नोंदवायचं राहिलंय. काही महिने बोलणं कमी केलंत त्याचं कारण तिला माहीत नाही. तिने बहुधा स्वतःचंच काही चुकलं असं धरलं असेल. जेवणाच्या सुट्टीत एवढंच म्हणा: ‘ऑपरेशनच्या वेळी आलीस, ते मी नीट बोललेच नाही. नंतर मी जरा कोषात गेले होते.’ जुनी कहाणी सांगायची नाही. आधी वहीत लिहा, ती काय म्हणेल असं वाटतं. पुढच्या आठवड्यात एक छोटं काम सांगा, जे न झालं तरी बिघडणार नाही. मग वाशीला एखादी संध्याकाळ, तासभर. गुपिताच्या पायरीला दोन-तीन महिने तरी येऊ नका. आणि पहिलं गुपित असं निवडा की ते फुटलं तर थोडी चरफड होईल, पण झोप उडणार नाही.

घाईबद्दल मुद्दाम सांगते. फार दिवस बंद राहिलेली माणसं दार उघडतात तेव्हा कधीकधी सताड उघडतात. ट्रान्स-हार्बरच्या डब्यात रोज भेटणाऱ्या बाईला ऐरोली ते ठाणे एवढ्या वेळात सगळं लग्न सांगून टाकतात, दुसऱ्या दिवशी लाज वाटते आणि डबाच बदलतात. समोरच्या बाईने काही वाईट केलेलं नसतं, तरी मनात नोंद होते ती फजितीची. मोकळं होण्याची उबळ आली की ती वहीत उतरवा, माणसापुढे एकच पायरी चढा.

दुसरी गोष्ट, या काळात चेहऱ्यांवरून निष्कर्ष काढू नका. जॉन कॅसिओप्पो आणि लुईझ हॉक्ली यांच्या एकाकीपणावरच्या संशोधनात हे पुन्हा पुन्हा येतं की एकटं पडलेलं मन सामाजिक धोक्याच्या खुणा शोधण्यात जास्त गुंततं आणि झोपही कमी प्रतीची होते. साधा कोरा चेहरा तुटक वाटतो, ‘ओके’ एवढाच रिप्लाय रागाचा वाटतो. म्हणजे जितकं जास्त एकटं, तितकं वाचन चुकीचं, आणि चुकीच्या वाचनातून आणखी एकटेपण. ती सहकारी एखाद्या दिवशी तुटक वाटली तर लगेच मागे फिरू नका. ‘आज गडबडीत दिसतेस’ असं म्हणून बघा. उत्तर ऐकलंत की ते वहीत लिहा. तुमचा अंदाज किती वेळा बरोबर आला, हे महिन्याभरात कागदावरच दिसेल.

त्या जुन्या मैत्रिणीला या प्रयोगात आणू नका. नातेवाईक म्हणतील, झालं गेलं गंगेला मिळालं, एकदा फोन कर. ती का गप्प राहिली हे कधीतरी ऐकावंसं वाटलं तर तो स्वतंत्र विषय आहे आणि तो तुमच्या सवडीने. सगळ्यात मोठी जखम केलेल्या माणसावर सराव करायचा नसतो.

हे सगळं स्वतःच्या स्वतः करण्याला मर्यादा आहे. ते प्रसंग डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे राहत असतील, स्वप्नांनी जाग येत असेल, फोन वाजला की अंग थरथरत असेल, झोपेसाठी दारू किंवा गोळ्या लागत असतील, तर वहीच्या आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. त्यावर वेगळे उपचार आहेत आणि ते झाल्याशिवाय या पायऱ्या चढणं म्हणजे मोडल्या पायाने चालणं होईल. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

समुपदेशकाकडे जायचं ठरवलंत तर तिथेही डोळे झाकून विश्वास टाकू नका, हे मी या धंद्यातली असूनच सांगते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, नंबर मागितला म्हणून कोणी चांगला माणूस रागावत नाही. पहिल्याच भेटीत विचारा: मी सांगितलेलं कुठे लिहिलं जातं, कोण वाचतं, कोणत्या परिस्थितीत तुम्ही ते दुसऱ्याला सांगाल? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे आणि त्याला अपवादही आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर ती गोष्ट आमच्या खोलीत राहू शकत नाही. हे अपवाद स्वतःहून, आधीच सांगणारा माणूस निवडा. ‘काही काळजी करू नका, सगळं माझ्यापाशीच राहील’ एवढंच म्हणून विषय बदलणाऱ्याला पहिल्या भेटीचे पैसे देऊन बाहेर पडा. आणि ज्याची उत्तरं पटली त्यालाही पहिल्या दिवशी सगळं सांगू नका. ऑपरेशनचं सांगा, वाढदिवसाचं सांगा. तो काय विचारतो आणि पुढच्या भेटीत त्याला त्यातलं काय आठवतं, ते बघा. ही परीक्षा उघड आहे, कारण आठवण ठेवणं हे त्याचं कामच आहे. तिचा निकाल वहीत लिहायला हरकत नाही.